नाणार ते बारसू : लांबलेल्या वादाची घटनाक्रमाची चौकट कशी लिहावी

गणपतीला गावी आलेला चाकरमानी पेपर उघडतो. रिफायनरीवर पानभर लेख आहे. त्याला आठवतं की हा प्रकल्प तर रद्द झाला होता. मग पुन्हा कसला वाद? तो लेख सोडून बाजूच्या चौकटीकडे वळतो, कारण तिथे तारखा दिसतात. चौकटीत त्याला उत्तर सापडलं तर तो लेखाकडे परत येतो, नाही तर पान उलटतो. घटनाक्रमाची चौकट या माणसासाठी लिहायची असते. वादाचा जाणकार ती वाचत नाही, वाचलीच तर चुका काढायला वाचतो.

कोकणात असे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. एन्‍रॉन, जैतापूर, पर्ससीन मासेमारी, महामार्ग यांतल्या कशालाही ही पद्धत लागू पडेल. पण एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं तर नीट कळतं. म्हणून राजापूर तालुक्यातल्या रिफायनरीचा वाद घेऊ. धरून चालू की एप्रिल २०२३ चा अखेरचा आठवडा आहे. बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षण सुरू झालंय, विरोध करणाऱ्या बायाबापड्यांना पोलीस ताब्यात घेताहेत, आणि बातमीदाराने बाराशे शब्दांचा लेख पाठवलाय. डेस्कवरून तुम्हाला सांगितलंय, "घटनाक्रमाची एक चौकट दे, दोनशे शब्दांच्या आत."

आधी लेख वाचा, हातात पेन्सिल घेऊन

बहुतेक जण इथे घाई करतात. जुनी कात्रणं काढतात, तारखा उतरवतात, चौकट भरतात, आणि पान लागल्यावर दिसतं की निम्मी चौकट लेखातच आहे. वाचकाने तीच गोष्ट दोनदा का वाचावी?

त्यामुळे पहिली पायरी म्हणजे मुख्य लेखाची प्रत घेऊन त्यात आलेल्या प्रत्येक तारखेखाली रेघ ओढणं. आपल्या उदाहरणात रेघा कुठे पडतात? माती परीक्षणाचा पहिला दिवस, पोलीस बंदोबस्त, धरपकड, दोन्ही बाजूंची विधानं यांच्याखाली. बारसूच्या कातळशिल्पांवरही एक परिच्छेद आहे. म्हणजे एप्रिल २०२३ हा पूर्ण लेखाचा मुलूख झाला. चौकटीने त्या कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही. लेख जिथे सुरू होतो त्याच्या अलीकडेच चौकट थांबली पाहिजे.

आता लेखात काय नाही ते बघा. "नाणारचा प्रकल्प रद्द झाल्यानंतर बारसूचं नाव पुढे आलं" असं एकच वाक्य बातमीदाराने लिहिलंय. त्याचा काही दोष नाही, त्याला आजचं सांगायचंय. पण चाकरमान्याला अडणारा प्रश्न नेमका याच वाक्यात दडलाय. रद्द झाला म्हणजे कोणी केला, कधी केला, आणि रद्द झालेली गोष्ट परत कशी आली? हा प्रश्न कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा. चौकटीतली प्रत्येक नोंद याचं उत्तर थोडं तरी पुढे नेत असेल तर राहील, नाही तर जाईल.

कच्ची यादी : एका घटनेला दोन तारखा

मग कात्रणं काढा. साध्या वहीत किंवा एक्सेलच्या पानावर रकाने आखा. घटना घडली ती तारीख, ती लोकांना कळली ती तारीख, कोणी केलं, आणि त्याचा कागद कुठे आहे. शेवटचा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण सगळ्यात जास्त उपयोगी तोच आहे. अधिसूचना असेल तर राजपत्र, केंद्र सरकारच्या उपस्थितीत झालेला करार असेल तर पीआयबीचं प्रसिद्धिपत्रक, पत्र असेल तर पत्राची प्रत. कागद नसेल तर एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन वर्तमानपत्रांतली त्या दिवसाची किंवा दुसऱ्या दिवसाची बातमी. "स्वतंत्र" यासाठी म्हणतो की एकाच वृत्तसंस्थेची बातमी दोघांनी छापली असेल तर ती दोन कात्रणं नव्हेत, एकच आहे.

दोन तारखांचे दोन रकाने का, ते जानेवारी २०२२ च्या नोंदीवरून कळतं. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी बारसू परिसरातली जागा सुचवणारं पत्र पंतप्रधानांना लिहिलं, त्यावर तारीख १२ जानेवारीची. लोकांसमोर ते आलं त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. चौकटीत कोणती तारीख घालायची? वाद "काय ठरलं" याचा असेल तर पत्राची तारीख घ्यावी. वाद "आम्हाला कधी कळलं" याचा असेल तर बातमीची. दोन्ही चालतात, पण एका चौकटीत एकच माप वापरायचं. चार नोंदी घटनेच्या तारखेने आणि तीन बातमीच्या तारखेने लावल्या की क्रमच खोटा होतो, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

बातमीच्या अंकाची तारीख घटनेची म्हणून उतरवणं ही याचीच धाकटी बहीण. छापील पेपरात घटना आदल्या दिवशीची असते. "काल" आणि "सोमवारी" हे शब्द बातमीत शोधा, कॅलेंडर काढा आणि वार जुळतो का पाहा. २३ एप्रिल २०१८ ला सोमवार होता. कात्रणात "रविवारी झालेल्या सभेत" असं दिसलं तर कुठेतरी घोटाळा आहे.

रद्द, रद्द आणि रद्द

आता या वादाच्या गाभ्याशी येऊ. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय.

एका दैनिकाच्या डेस्कवर असताना मी अशीच चौकट केली होती. त्यात लिहिलं, "२३ एप्रिल २०१८ : नाणार प्रकल्प रद्द." त्याखालची नोंद, "२५ जून २०१८ : अबुधाबीची ॲडनॉक कंपनी प्रकल्पात भागीदार." सकाळी देवगडकडून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. राग नव्हता, उलट मजा वाटत होती त्यांना. "अवो, मेल्या म्हशीक गिराईक खंयसून इला?"

त्यांचं बरोबर होतं. रद्द झालेल्या प्रकल्पाला दोन महिन्यांनी नवा भागीदार कसा मिळेल? माझ्या दोन्ही तारखा अचूक होत्या. चुकलं होतं ते क्रियापद. त्या सोमवारी नाणारच्या सभेत उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी भूसंपादनाची अधिसूचना रद्द केल्याची घोषणा केली. त्याच दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अधिसूचना रद्द झालेली नाही असं सांगितलं. म्हणजे त्या दिवशी घडली ती घोषणा, आणि लगेच तिचा इन्कार. अधिसूचना खरोखर मागे घेण्याची पाळी आली २ मार्च २०१९ ला. त्याआधी १८ फेब्रुवारीला शिवसेना आणि भाजपची लोकसभा व विधानसभेसाठी युती जाहीर झाली आणि प्रकल्प दुसरीकडे नेण्याचं त्या वेळी सांगण्यात आलं. एकाच गोष्टीला तीन वेळा "रद्द" म्हटलं गेलं आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा होता.

म्हणून कच्च्या यादीवर एक फेरी फक्त क्रियापदांसाठी मारायची. घोषणा केली, आश्वासन दिलं, निर्णय घेतला, सही केली, आदेश निघाला, राजपत्रात प्रसिद्ध झालं, ही सगळी वेगवेगळी पावलं आहेत आणि यांच्यामध्ये कधी कधी वर्ष निघून जातं. "जाहीर केले" हे क्रियापद फार निसरडं आहे, कारण मंत्र्याने सभेत सांगितलं तरी ते "जाहीर" आणि राजपत्रात छापलं तरी ते "जाहीर". ते शक्यतो टाळा. सहीची तारीख आणि राजपत्राची तारीख वेगळ्या असतील तर क्रियापदानेच सांगा की तुम्ही कोणती घेतलीय.

"करार" या शब्दाचंही तसंच. ११ एप्रिल २०१८ ला दिल्लीत सौदी आराम्कोबरोबर झाला तो सामंजस्य करार. तो इच्छा नोंदवतो, पैसा बांधत नाही. चौकटीत जागा वाचवायला "सामंजस्य" खोडलं की वाचकाला वाटतं, सौदीचे पैसे आलेसुद्धा. जागा वाचवायचीच असेल तर दुसरं काही खोडा.

काय ठेवायचं, काय टाकायचं

माझ्या कच्च्या यादीत साधारण वीस नोंदी होतात. दोनशे शब्दांत सात मावतात, ओढूनताणून आठ. त्यापेक्षा जास्त झाल्या की प्रत्येक नोंद तारेसारखी तुटक होते आणि वाचक तिसऱ्या नोंदीनंतर वाचत नाही.

सुरुवात कुठून करायची यावर डेस्कवर भांडणं होतात. कोणी म्हणेल एन्‍रॉनपासून घ्या, कारण कोकणातला विरोध तिथे मुरला. कोणी जैतापूर म्हणेल, कारण तेही राजापूर तालुक्यातच. दोन्ही मुद्दे खरे आहेत, पण त्यांची जागा लेखात आहे. चौकट एका धाग्याची असते. आपला धागा आहे "रिफायनरीच्या जागेबाबत सरकारने कागदावर काय केलं". या धाग्याचं पहिलं टोक म्हणजे जमिनीला पहिल्यांदा हात लागला तो दिवस, अर्थात मे २०१७ ची अधिसूचना. त्याच्या पुढच्याच महिन्यात इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांनी संयुक्त कंपनीसाठी करार केला. तारीख पक्की, कागद पक्का, तरी मी ही नोंद टाकली. जागेच्या प्रश्नात तिने काही हललं नाही. तीन कंपन्यांचा उल्लेख आराम्कोच्या नोंदीत चार शब्दांत बसतो.

टाकताना सगळ्यात जड गेलं ते कातळशिल्पांचं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि त्या यादीत बारसूही आहे. वादाला त्याने एक नवीनच बाजू मिळाली. पण लेखात त्यावर परिच्छेद आहे आणि आपला धागा जागेच्या निर्णयाचा आहे. टाकलं. लेखात ते नसतं तर मी धागा थोडा सैल करून त्याला आत घेतलं असतं, हेही कबूल करतो.

आंदोलनाच्या नोंदींबाबत मात्र सावध राहा. फक्त सरकारी कागद धरले की चौकट सरकारच्या बाजूची दिसते, जणू लोक मधली सहा वर्षं गप्प होते. यावर उपाय म्हणजे चौकटीच्या मथळ्यातच धागा सांगून टाकणं. "रिफायनरीचा घटनाक्रम" असा मथळा दिला तर सगळं सांगण्याचं वचन होतं आणि ते तुम्ही पाळत नाही. "जागेबाबत सरकारी पावलं" म्हटलं की वाचकाला कळतं की हे सगळं नाही. आणि लेखात आंदोलनाचा मागोवा नसेल तर धागाच बदला, किंवा दुसरी चौकट मागा.

मधली पोकळी

११ आणि २३ एप्रिल २०१८ यांच्यात बारा दिवस आहेत. २ मार्च २०१९ आणि १२ जानेवारी २०२२ यांच्यात चौतीस महिने. चौकटीत दोन्हीकडे एकाच ओळीचं अंतर दिसतं, आणि वाचकाला वाटतं की नाणार गेलं नि लगोलग बारसू आलं. पान लावणाऱ्याला "इथे जास्त जागा सोड" म्हणून काही होत नाही. कॉलमात जागा नसते आणि मोबाइलवर ती सोडलेली जागा चूक वाटते. शब्दांनीच सांगावं लागतं. म्हणून बारसूच्या नोंदीची सुरुवात "जवळपास तीन वर्षांनी" अशी करायची. तेवढ्याने काम होतं.

याच पोकळीत सरकार बदललं, नोव्हेंबर २०१९ मध्ये. नंतर जून २०२२ मध्ये पुन्हा बदललं. त्यासाठी वेगळ्या नोंदी नकोत. नावाआधी पद लिहिलं की ते आपोआप कळतं. २०१८ मध्ये "मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस" आणि २०२२ मध्ये "मुख्यमंत्री उद्धव ठाकरे" हे वाचल्यावर राजापूरच्या वाचकाला आणखी काय सांगायचं? उलट इथे नाव गाळून नुसतं "मुख्यमंत्री" लिहिणं घातक आहे. वाचक आजचे मुख्यमंत्री समजतो.

बाजू घेणारे शब्द

चौकट छोटी असते, त्यामुळे तिच्यातला एकेक शब्द लेखातल्यापेक्षा मोठ्याने बोलतो. सरकारी कागदांत सड्याला "पडीक" किंवा "ओसाड" म्हटलेलं असतं. ज्याची गुरं पावसाळ्यात त्याच सड्यावर चरतात, ज्याने कातळ फोडून कलमं लावलीत, त्याला हा शब्द लागतो. तुम्ही नुसतं "सडा" किंवा "जागा" लिहा. प्रकल्प झालेलाच नसताना "प्रकल्पग्रस्त" लिहिलं तर तो होणारच असं मान्य केल्यासारखं होतं. "ग्रामस्थांचा विरोध" म्हटलं की गावात एकही समर्थक उरत नाही, म्हणून "विरोध करणारे ग्रामस्थ". आणि "अखेर" हा शब्द चौकटीतून कायमचा हद्दपार करा. "अखेर अधिसूचना रद्द" यात तुम्ही कोणाच्या बाजूने वाट पाहत होतात ते उघड होतं.

आकड्यांचंही बघा. नाणार टप्प्यातल्या गावांची संख्या कात्रणागणिक बदलते, कारण कोणी फक्त राजापूरची गावं मोजतो, तर कोणी देवगड तालुक्यातली गिर्ये आणि रामेश्वर धरतो. मी संख्या न देता "नाणार व परिसरातील गावे" लिहितो. लेखात आकडा असेल तर चौकटीत दुसरा आकडा येऊ देऊ नका, आधी बातमीदाराला फोन करा.

तयार चौकट

आता लिहायला बसा. प्रत्येक नोंद वीस-पंचवीस शब्दांच्या आत, एक वाक्य, फार तर दोन. कर्ता आधी, क्रियापद पक्कं. एकच नोंद मनाजोगती होत नसेल तर बहुधा तिच्यात दोन घटना कोंबलेल्या असतात. लेखाची भाषा बोलकी असली तरी चौकट प्रमाण लेखी भाषेत ठेवा, ती लवकर वाचली जाते. ही माझी :

नाणार ते बारसू : जागेबाबत सरकारी पावले

मे २०१७ : नाणार व परिसरातील गावांची जमीन रिफायनरीसाठी संपादित करण्याकरिता राज्य सरकारची अधिसूचना.

११ एप्रिल २०१८ : तीन सरकारी तेल कंपन्यांचा सौदी आराम्कोशी सामंजस्य करार. वार्षिक क्षमता ६ कोटी टन.

२३ एप्रिल २०१८ : नाणारच्या सभेत उद्योगमंत्री सुभाष देसाई यांची अधिसूचना रद्द केल्याची घोषणा. ती रद्द झाली नसल्याचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे त्याच दिवशी स्पष्टीकरण.

२५ जून २०१८ : अधिसूचना कायम असताना अबुधाबीच्या ॲडनॉकचा भागीदारीसाठी सामंजस्य करार.

१८ फेब्रुवारी २०१९ : शिवसेना-भाजप युती जाहीर करताना प्रकल्प दुसरीकडे नेण्याचे आश्वासन.

२ मार्च २०१९ : नाणारची अधिसूचना रद्द करण्याचा राज्य सरकारचा निर्णय.

१२ जानेवारी २०२२ : जवळपास तीन वर्षांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांचे पंतप्रधानांना पत्र. त्यात राजापूर तालुक्यातीलच बारसू परिसरातील सुमारे १३ हजार एकर जागा सुचवली.

चौथ्या नोंदीतले "अधिसूचना कायम असताना" हे तीन शब्द देवगडच्या त्या गृहस्थांना उत्तर आहेत. शेवटच्या नोंदीतला "राजापूर तालुक्यातीलच" हा शब्दही मुद्दाम घातलाय. मुंबईतल्या वाचकाला बारसू म्हणजे जिल्हा बदलला असं वाटतं.

देण्याआधी दोन परीक्षा

पहिली परीक्षा म्हणजे लेख बाजूला ठेवून नुसती चौकट अशा कोणाला तरी द्यायची ज्याने हा वाद अर्धवट ऐकलाय. जाहिरात विभागातला माणूस चालतो, घरचं कोणी असेल तर अधिक चांगलं. त्याला विचारा, "नाणार नक्की कधी रद्द झालं?" त्याने बोट २ मार्च २०१९ वर ठेवलं तर चौकट जमली. ते २३ एप्रिलवर गेलं तर क्रियापद अजून कच्चं आहे. "कळलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात.

दुसरी परीक्षा उलटी. चौकट झाकून लेख वाचा आणि ज्या वाक्यावर "हे आत्ताच वाचलं की" असं वाटेल ते पकडा. आपल्याकडे तसं एकच उरतं, "नाणारचा प्रकल्प रद्द झाल्यानंतर" हे. ते खोडायला सांगू नका, लेखाला ते लागतं. बातमीदाराला एवढंच सुचवा की "नाणारचा प्रकल्प" च्या जागी "नाणारची अधिसूचना" कर. त्याने लेख आणि चौकट एकच गोष्ट बोलू लागतात, आणि पहिल्या पायरीची पेन्सिलही इथेच खाली ठेवता येते.

पान गेल्यावर कच्ची यादी फेकू नका. त्या वीस नोंदी, टाकलेल्या तेरासकट, कागदांच्या पत्त्यांसह एका फाइलमध्ये ठेवा आणि फाइलच्या नावात शेवटची तारीख घाला. बारसूवर पुढचा लेख येईल तेव्हा एप्रिल २०२३ हा लेखाचा मुलूख राहणार नाही, तो चौकटीत उतरेल. मग जुन्या सातांपैकी एखादी नोंद बाहेर काढावी लागेल. मी बहुधा युतीची काढेन.